ताप आलाय आणि दिवसभर मीटिंगा आहेत

प्रश्न: "मॅडम, मी नाशिकमध्येच राहतो, इन्शुरन्स आणि गुंतवणुकीचं काम एकटाच करतो, वय 29. आजारी पडलो तरी मला मीटिंग कॅन्सल करायला जमतच नाही. मेसेज टाइप करतो, खोडतो, परत टाइप करतो, आणि शेवटी गोळी घेऊन जातो. वाटतं लोक म्हणतील बहाणे करतोय, आणि दुसऱ्याकडे जातील. मागच्या आठवड्यात अंगात ताप असताना चार ठिकाणी जाऊन आलो आणि नंतर तीन दिवस पडून होतो. हे असं का होतं आणि काय करावं?"

तुमचा मेल वाचला आणि मला लगेच एक बाई आठवल्या. कॅनडा कॉर्नरजवळ त्यांचं छोटं ऑफिस आहे, जीएसटी आणि अकाउंट्सची कामं करतात, हाताखाली एक मुलगी आहे. त्यांच्या परवानगीनं सांगतेय, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. त्या माझ्याकडे आल्या त्या खरंतर झोप लागत नाही म्हणून, पण बोलता बोलता विषय निघाला तो पावसाळ्यातल्या एका दिवसाचा, आणि पुढच्या बऱ्याच भेटी आम्ही त्या एका दिवसावरच काढल्या कारण त्यांची सगळी काळजी त्या दिवसात दिसत होती.

झालं असं की आदल्या रात्रीपासून ताप होता. सकाळी सहाला 102. दिवसभरात पाच मीटिंगा, पहिली सातपूरला एका वर्कशॉपवाल्यांकडे दहा वाजता, मग साडेअकराला पिंपळगाव बसवंतहून एक द्राक्षवाले ऑफिसला येणार, एक वाजता कॉलेज रोडच्या बुटीकवाल्या ताई (त्या नव्या, पहिलीच भेट), साडेतीनला गंगापूर रोडचं डॉक्टर जोडपं आणि साडेपाचला नाशिक रोडचे हार्डवेअरवाले काका. बाईंनी पॅरासिटामॉलची गोळी घेतली, साडेसातपर्यंत घाम येऊन ताप उतरला, बरं वाटलं, आणि त्यांनी ठरवलं की जमेल. फक्त सातपूरची मीटिंग पुढे ढकलली, म्हंजे तेवढाच आराम मिळेल.

इथे मी त्यांना थांबवलं होतं, तुम्हालाही थांबवते, कारण बहुतेकांची गाडी इथेच चुकते. पॅरासिटामॉलचा असर साधारण चार ते सहा तास असतो. सहा वाजता गोळी घेतली तर साडेसात-आठला माणूस बरा दिसतो आणि स्वतःलाही बरा वाटतो, आणि दहा-अकरापर्यंत थंडी वाजायला परत सुरुवात होते. म्हणजे दिवसाचा निर्णय आपण नेमका त्या दोन-तीन तासांत घेतो जे तासच उसने आहेत. त्यामुळे मी सांगते की निर्णय घ्यायचा तो गोळी घ्यायच्या आधी थर्मामीटरवर जो आकडा दिसला त्यावर, गोळीनंतर कसं वाटतंय त्यावर नाही.

पुढे काय झालं तर साडेदहाला परत ताप चढला. मग त्यांनी पिंपळगाववाल्यांना मेसेज टाकायला घेतला, आणि तो लिहिण्यात वीस-पंचवीस मिनिटं गेली. तोपर्यंत ते गृहस्थ निघून आडगाव ओलांडून नाशकातल्या द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. पिंपळगाव काही फार लांब नाही, तीसेक किलोमीटर, पण सकाळी काढणीची माणसं सोडून, कपडे बदलून, फाईल घेऊन निघालेला माणूस आहे तो. ते चिडले. बाईंना वाटलं ते आजारपणामुळे चिडले. मी विचारलं, नक्की काय म्हणाले ते शब्दात सांगा. तर ते म्हणाले होते, "मॅडम, सकाळी सांगितलं असतं तर निघालोच नसतो ना." यात आजारपणाबद्दल एक शब्द नाही. त्यांचा सगळा राग वेळेबद्दल आहे. सकाळी सात वाजता हेच सांगितलं असतं तर ते बहुतेक 'काळजी घ्या' म्हणाले असते.

बाईंनी एकच्या बुटीकवाल्यांना साडेबाराला कळवलं, डॉक्टरांना अडीचला, आणि हार्डवेअरवाल्या काकांकडे मात्र गेल्या, रिक्षा करून, कारण तोपर्यंत "आता आणखी एकाला नाही म्हणायला तोंडच राहिलं नाही" असं त्यांना वाटत होतं. म्हणजे हिशोब करा, पाचातल्या चार मीटिंगा तशाही झाल्याच नाहीत. पण चार वेगवेगळ्या वेळी, चार वेळा धाडस गोळा करून, चार वेळा माफी मागून, आणि आराम एक मिनिटाचा नाही कारण पूर्ण दिवस पुढच्या मीटिंगचं काय करायचं याच विचारात गेला. असं तुकड्या-तुकड्यानं दिवस कॅन्सल करणं हे मी खूप जणांमध्ये बघते. प्रत्येक वेळी वाटतं की फक्त ही एक सोडू, पुढची करू. आजारी माणसासाठी हे सगळ्यात महाग पडतं आणि समोरच्यासाठी पण, कारण त्याला शेवटच्या अर्ध्या तासात कळतं.

मग आम्ही त्यांनी पिंपळगाववाल्यांना पाठवलेला मेसेज उघडून बघितला. असा होता (थोडा बदललाय):

"दादा खूप खूप सॉरी, काल रात्रीपासून खूप ताप आहे, उलट्या पण झाल्या, सकाळी गोळी घेतली तर बरं वाटत होतं म्हणून मी विचार केला होता की येईन पण आता परत अंग दुखतंय आणि डोकं पण, खरंच मी कधी असं करत नाही तुम्हाला माहितीच आहे, मला खूप वाईट वाटतंय, आपली मीटिंग आज जमणं जरा अवघड वाटतंय, तुम्हाला चालेल का जरा नंतर केली तर, मी संध्याकाळी बरं वाटलं तर फोन करते, परत एकदा सॉरी."

मी त्यांना म्हटलं, हा मेसेज तुम्ही द्वारकेला गाडी चालवणारा माणूस म्हणून वाचा. लॉक स्क्रीनवर काय दिसतं? 'दादा खूप खूप सॉरी, काल रात्रीपासून...' मीटिंग आहे का नाही हे शेवटाकडे आलंय आणि तिथेही 'जरा अवघड वाटतंय' असं आलंय. म्हणजे रद्द आहे की नाही हे त्यानं ठरवायचं. 'चालेल का' म्हणजे परवानगी पण त्यानंच द्यायची. आणि पुढची वेळ नाहीच, संध्याकाळी फोन येईल, तोही बरं वाटलं तर. त्या माणसाच्या हातात करण्यासारखं काहीच नाही. तो फक्त एकच गोष्ट करू शकतो, बाई खरं बोलतायत का खोटं हे ठरवणं. आणि नेमकी हीच भीती बाईंना होती! उलट्या, डोकं, अंग, मी कधी असं करत नाही, हे सगळं पुराव्यासारखं मांडलं होतं, आणि पुरावा मांडला की समोरचा आपोआप तो तपासायला लागतो.

समुपदेशनात आम्ही याला सुरक्षेसाठी केलेली वागणूक म्हणतो. भीती कमी व्हावी म्हणून माणूस काहीतरी जास्तीचं करतो, इथे जास्तीचं स्पष्टीकरण आणि परत परत सॉरी. त्यानं दोन मिनिटं बरं वाटतं, पण भीती तशीच राहते, कारण काही वाईट झालं नाही तर मन म्हणतं की ते एवढं समजावलं म्हणूनच झालं नाही. त्यामुळे पुढच्या वेळी मेसेज आणखी लांब होतो. तुम्ही टाइप करता, खोडता, परत टाइप करता ना, ते यातूनच येतं. तुम्ही असं वाक्य शोधताय जे वाचून कुणीच शंका घेणार नाही, आणि असं वाक्य मराठीत काय कुठल्याच भाषेत नाही.

त्यामुळे आम्ही उलट्या बाजूनं सुरुवात केली. मेसेजनं समोरच्याला काय काम द्यायचं? आपल्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायचं काम नको, दोन वेळांमधली एक निवडायचं काम द्यायचं. ते त्याला एका ओळीत, सिग्नलला उभं राहूनसुद्धा करता येतं. आजारपणाचा उल्लेख दोन-तीन शब्दांत येतो तेवढा पुरे, कारण मीटिंग टिकते ती कारणामुळे नाही, पुढची वेळ हातात आहे म्हणून टिकते.

हा मेसेज आम्ही त्या ठणठणीत असताना, माझ्या इथे बसून लिहिला. तापात नवीन वाक्यं बनवायची नाहीत, तेव्हा डोकं चालत नाही आणि मन हळवं झालेलं असतं. शेवटी तयार झाला तो असा:

"नमस्कार दादा, आजची 11.30 ची मीटिंग होणार नाही, मला ताप आहे. शनिवार 21 ला दुपारी 12.30 किंवा सोमवार 23 ला सकाळी 11, यातली कुठली वेळ चालेल ते आज संध्याकाळी 7 पर्यंत कळवा. दोन्ही जमत नसतील तर तुमच्या सोयीची वेळ लिहा. आज मी फोन घेणार नाही, अर्जंट असेल तर ऑफिसच्या नंबरवर बोला."

बाईंना पहिल्यांदा हा उद्धट वाटला. सॉरी कुठाय, म्हणाल्या. मी म्हटलं हवं तर शेवटी एकदा 'गैरसोयीबद्दल सॉरी' टाका, एकदा टाकलं तर ते सौजन्य असतं, तिसऱ्यांदा टाकलं की समोरच्याला तुम्हाला धीर द्यायची ड्युटी लागते. त्यांनी एकदा टाकलं, मला काही हरकत नव्हती. 'होणार नाही' हे मात्र मी बदलू दिलं नाही. 'शक्यतो', 'जरा', 'बघूया' हे शब्द आले की समोरचा फोन करतो, आणि फोन आला की तापात परत सगळं पहिल्यापासून सांगायचं.

आता वेळांचं गणित, आणि इथे जरा हळू वाचा, कारण मेसेज चांगला लिहूनसुद्धा लोक इथे अडकतात. सगळ्यांना तोच मेसेज आणि त्याच दोन वेळा पाठवल्या तर तिघंजण 'शनिवार चालेल' म्हणणार आणि मग दोघांना परत नाही म्हणायचं. आजारपणात दुसऱ्यांदा नाही म्हणणं हे पहिल्यापेक्षा जास्त जड जातं. म्हणून मजकूर एकच ठेवायचा, पण प्रत्येकाच्या दोन वेळा वेगळ्या, कुणाच्याच कुणाशी जुळत नाहीत अशा. चार जणांना दोन-दोन म्हणजे आठ जागा आधी डायरीत पेन्सिलनं अडवायच्या, मग मेसेज जाणार. उत्तर आलं की त्याची दुसरी जागा खोडून मोकळी करायची. संध्याकाळी 7 ची मुदत याचसाठी आहे, नाहीतर आठच्या आठ जागा आठवडाभर लटकत राहतात आणि तुम्हाला नवीन माणसाला वेळ देता येत नाही.

आणि नवीन वेळ उद्याची नको. साधा व्हायरल ताप असला तरी तीन-चार दिवस जातात, आणि 'उद्या बरं वाटेलच' या भरवशावर दिलेली वेळ परत मोडावी लागली की लोकांना खरंच शंका येते. माझा अनुभव आहे की एकदा लांबची वेळ दिलेली लोकांना चालते, दोनदा मोडलेली चालत नाही. बाईंच्या बाबतीत मंगळवारी आजारी पडलं तर शनिवारच्या आत काही द्यायचं नाही असं ठरलं.

हे सगळं झालं आणि मग डिसेंबरात, थंडी चांगलीच पडली होती, खरंच वेळ आली. मंगळवार, 17 तारीख, पहाटे साडेपाचला 101.8. पुन्हा पाच मीटिंगा, योगायोगानं त्यातले बरेच लोक तेच, बुटीकवाल्या ताईंची तर पहिली भेट अजून व्हायचीच होती. बाईंनी गोळी घ्यायच्या आधी आकडा एका कागदावर लिहिला (हे आमचं ठरलेलं होतं) आणि त्याच कागदावर आणखी एक गोष्ट लिहिली, प्रत्येक नावापुढे 'मला काय होईल असं वाटतंय'. द्राक्षवाल्यांपुढे लिहिलं, चिडतील. डॉक्टरांपुढे, म्हणतील एवढ्याशा तापाला काय. बुटीकवाल्यांपुढे, सोडून जातील. वर्कशॉपवाल्यांपुढे, मागच्या वेळचं काढतील. हार्डवेअरवाल्या काकांपुढे फक्त '20 तारीख' लिहिलं.

काकांचं आधी सांगते. सगळ्या मीटिंगा सारख्या नसतात. दर महिन्याला जीएसटीचं रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-3बी भरायची तारीख 20 असते, आणि काकांची खरेदीची बिलं अजून तपासायची राहिली होती. उशीर झाला तर दिवसाला 50 रुपये लेट फी आणि राहिलेल्या करावर वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज, आणि हे काकांच्या खिशातून जातं. त्यांना शनिवारची वेळ देऊन चालणारच नव्हतं. म्हणून दिवस मोकळा करायच्या आधी एक प्रश्न विचारायचा, की यातलं कुठलं काम भेट न घेता पण आजच्या आज किंवा दोन दिवसांत व्हायलाच हवं? ते काम भेटीपासून वेगळं काढायचं आणि माणसाकडे सोपवायचं. काकांचा मेसेज म्हणून वेगळा गेला, "आजची 5.30 ची मीटिंग होणार नाही, मला ताप आहे. 3बी वेळेत भरली जाईल. ऑफिसमधून आज दुपारी फोन येईल, त्यांना राहिलेल्या बिलांचे फोटो पाठवा." नवीन वेळ नाही, कारण काकांना भेट नको होती, रिटर्न भरलेलं हवं होतं. मागच्या वेळी बाई ताप अंगावर घेऊन रिक्षानं नाशिक रोडला गेल्या होत्या त्या या कामासाठी, जे ऑफिसमधली मुलगी फोनवर करू शकत होती!

बाकी चौघांना शनिवार आणि सोमवारच्या वेळा. मेसेज पाठवायचा कसा यावरही आम्ही आधी बोललो होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांचा ग्रुप करून टाकायचा विचार कधी करू नका, क्लायंटना एकमेकांची नावं-नंबर दिसतात आणि अकाउंट्सच्या धंद्यात तर ते अजिबात चालत नाही. ब्रॉडकास्ट लिस्ट बरी वाटते पण तिच्यात एक गोची आहे, ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही त्यांना ब्रॉडकास्टचा मेसेज पोचतच नाही, तुमच्याकडे एक टिक दिसत राहते. नवा क्लायंट हमखास त्यातला असतो. आणि तशीही प्रत्येकाची वेळ वेगळी द्यायची आहे. म्हणून एकेकालाच पाठवायचा. बाईंच्या व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये मजकूर आधीच क्विक रिप्लाय म्हणून `/tabyet` या नावानं ठेवला होता, तो बोलवायचा, आकडे भरायचे, पाठवायचा. ज्याला सगळ्यात लांबून यायचंय किंवा लवकर निघायचंय त्याला आधी. सहा वाजून गेल्यावर सुरू केलं आणि सातच्या आत पाचही मेसेज गेले. मग गोळी, आणि फोन ऑफिसच्या मुलीला कळवून दुसऱ्या खोलीत.

उत्तरं काय आली ते त्यांनी दुसऱ्या दिवशी मला वाचून दाखवली. द्राक्षवाल्यांचं, "सोमवार 11 चालेल. काळजी घ्या." बस. डॉक्टरांचं, "शनिवार. तीन दिवसांत ताप उतरला नाही तर दाखवून घ्या." वर्कशॉपवाल्यांनी दोन्ही वेळा नाकारल्या आणि स्वतःची एक दिली, पुढच्या आठवड्यातल्या बुधवार संध्याकाळची, ती चालणारी होती, आणि मागच्या वेळचं काही काढलं नाही. बुटीकवाल्या ताईंच्या मेसेजवर नऊ वाजेपर्यंत एकच टिक होती, म्हणजे फोनपर्यंत पोचलाच नव्हता. ज्यांची मीटिंग दुपारच्या आत आहे आणि तासाभरात दुसरी टिक आली नाही त्यांना फोन करायचा असं ठरलं होतं, म्हणून मुलीनं ऑफिसमधून फोन केला आणि तीच दोन वाक्यं वाचून दाखवली. त्यांनी "बघून सांगते" म्हटलं. आणि नंतर त्या आल्याच नाहीत.

हे मी मुद्दाम सांगतेय. कागदावर लिहिलेल्या चार भाकितांपैकी एक खरं निघालं. असं होतं. पहिल्याच भेटीआधी कॅन्सल झालं तर त्या माणसाला तुमच्याबद्दल काहीच माहिती नसते, मागचा अनुभव नाही, त्यामुळे तो निसटू शकतो. बाईंना दोन दिवस वाईट वाटलं. मग आम्ही कागद समोर ठेवून बोललो की त्या तापात गेल्या असत्या तर काय मिळालं असतं, पहिलीच भेट, आवाज बसलेला, आकडे डोक्यात राहत नाहीत, अशी भेट होऊन ताई राहिल्याच असत्या याची काही खात्री नव्हती. नव्या माणसासाठी आता त्या एक गोष्ट वेगळी करतात, मेसेजच्या ऐवजी घरून किंवा ऑफिसातून एक छोटा फोन पहिल्यांदाच जातो. पण भीती होती 'सगळे सोडून जातील' अशी आणि झालं 'एक नवीन माणूस आला नाही' असं, आणि हा फरक कागदावर लिहिलेला असल्यामुळे त्यांना दिसला. डोक्यातल्या डोक्यात तो दिसत नाही, डोकं नंतर म्हणतं की मला असंच वाटत होतं.

आता तुमच्याबद्दल. तुमच्याकडे ऑफिसात मुलगी नाही, तुम्ही एकटे आहात, त्यामुळे दोन गोष्टी आधी करून ठेवा. घरातल्या कुणाला तरी, बायको, आई, भाऊ, जो असेल त्याला तो मजकूर दाखवून ठेवा आणि तुमची डायरी कुठे असते ते सांगा. 103 ताप असताना तुम्हाला फोन धरवणार नाही, तेव्हा तोच मेसेज त्यांनी पाठवायचा, फक्त सुरुवातीला 'मी त्यांचा भाऊ बोलतोय' एवढं घालून. आणि तुमच्या कामात 20 तारखेसारखं काय आहे ते शोधून ठेवा, एखाद्याच्या पॉलिसीचा हप्ता ग्रेस पिरियडच्या शेवटच्या दिवसावर आलाय, एखाद्याच्या क्लेमची कागदपत्रं द्यायचीत, अशा माणसाला नुसती पुढची वेळ देऊ नका, हप्ता ऑनलाइन कसा भरायचा किंवा कागद कुठे नेऊन द्यायचे ते त्याच मेसेजमध्ये लिहा. बाकी प्लॅन समजावून सांगायच्या भेटी आठवडाभर पुढे गेल्या तर कुणाचं काही बिघडत नाही.

मेसेज पाठवल्यावर दर पाच मिनिटांनी निळी टिक बघत बसलात तर मीटिंगा रद्द करून काही मिळवलं नाही असं समजा. बाईंनासुद्धा मेसेज पाठवण्यापेक्षा फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं जास्त अवघड गेलं होतं. दुपारी एकदा आणि संध्याकाळी 7 ला एकदा बघायचं, त्यातही उत्तर द्यायचं ते फक्त वेळेबद्दल. कुणी "काय झालं हो?" विचारलं तर "ताप आहे, आराम करतोय" एवढंच, तिथे परत डोकं-अंग-उलट्या सुरू करू नका.

एक उलटी बाजू पण असते, ती सांगायला हवी. हे जमायला लागल्यावर काही जण थर्मामीटर न लावताच हा मेसेज वापरायला लागतात, विशेषतः एखाद्या ठराविक क्लायंटची मीटिंग असली की. जर तुमच्या लक्षात आलं की कॅन्सल होणाऱ्या दिवशी दर वेळी तोच एक माणूस यादीत आहे, आणि मेसेज गेल्यावर तासाभरात तब्येत छान होते, तर तो ताप नाही, त्या माणसाची धास्ती आहे, आणि तिच्यावर वेगळं बोलावं लागेल, दिवस मोकळा करून ती कमी होत नाही, वाढते. तुमच्या मेलवरून मला तसं वाटत नाही, तुमचं उलटंच आहे, तरी लक्ष असू द्या.

आणि ताप लांबला तर? पावसाळ्यात आणि त्यानंतर नाशकात डेंगीचे पेशंट निघतात, आणि डेंगीत ताप उतरायला लागतो तो काळच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाचा, जास्त जपायचा असतो. ताप गेला म्हणून चौथ्या दिवशी गाडी काढून सिन्नरला मीटिंगला गेलो असं करू नका. तीन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टरांना दाखवा, आणि पोट खूप दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, कुठून रक्त येतंय असं काही दिसलं तर तीन दिवसांचीसुद्धा वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे. अशा वेळी दिलेल्या नव्या वेळा पण मोडाव्या लागतात, आणि तो दुसरा मेसेज पहिल्यासारखा नसतो. त्यात आता वेळ द्यायची नाही, कारण तुम्हालाच माहीत नाही. वेळेच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत असा जाऊ द्या: "नमस्कार, ताप अजून आहे, डॉक्टरांनी आराम सांगितलाय. उद्याची 12.30 ची मीटिंग होणार नाही. नवीन वेळ मी तुम्हाला गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवतो." आणि गुरुवारी तुम्ही अंथरुणात असलात तरी त्या संध्याकाळी एक ओळ जायलाच हवी, वेळ ठरलेली नसली तरी, ती भावानं पाठवली तरी चालेल.